मुलींपैकी पास, की पास झालेल्यांपैकी मुली? दुहेरी तक्त्यातली टक्केवारी कशी वाचावी

एका निकालाच्या अहवालात असं वाक्य छापलंय असं समजा: ‘पास झालेल्या मुलींची टक्केवारी ४०.’ एक वाचक म्हणेल, म्हणजे मुलींपैकी निम्म्यासुद्धा पास झाल्या नाहीत. दुसरा म्हणेल, छे, पास झालेले दहा जण घेतले तर त्यात चार मुली निघतील. तिसऱ्याला वाटेल की सगळ्या वर्गाचा ४० टक्के हिस्सा म्हणजे या पास झालेल्या मुली. वाक्य एक आणि अर्थ तीन, शिवाय व्याकरणाच्या बाजूने तिघांपैकी कोणालाच चूक म्हणता येत नाही.

अशा वेळी भांडण मिटवायला मूळ आकड्यांचा तक्ता लागतो. त्यात आडव्या ओळींत एक वर्गवारी असते, उभ्या रकान्यांत दुसरी, आणि प्रत्येक घरात दोन्ही अटी पाळणाऱ्यांची संख्या. याला दुहेरी तक्ता म्हणू. आपल्या उदाहरणातला तक्ता बनवलेला आहे, पण आकडे मुद्दाम सोपे ठेवले आहेत, म्हणजे भागाकारात जीव अडकायला नको.

| | पास | नापास | एकूण |
|---|---|---|---|
| मुली | ६० | १५ | ७५ |
| मुलगे | ९० | ३५ | १२५ |
| एकूण | १५० | ५० | २०० |

तक्ता हाती आला की टक्केवारीकडे धावू नका. आधी कडेच्या बेरजा जुळतात का ते पाहा. उजवीकडच्या रकान्यात ७५ आणि १२५ मिळून २०० व्हायला हवेत, खालच्या ओळीत १५० आणि ५० मिळूनही तेच. दोन्ही वाटांनी एकच एकूण आलं नाही, तर तक्त्यात कुठेतरी चूक आहे किंवा काही जण गळले आहेत, आणि पुढचं कुठलंही उत्तर विश्वासाचं नाही. या बेरजा छापलेल्या नसतील तर स्वतः लिहून घ्या, कारण छेदाला हेच आकडे बसणार आहेत.

(एक जाता जाता. मी ‘मुलगे’ लिहितोय, ‘मुले’ नाही, ते उगाच नाही. मराठीत ‘मुलांपैकी ७५ टक्के पास’ याचा अर्थ मुलग्यांपैकी असाही होतो आणि सगळ्या विद्यार्थ्यांपैकी असाही. आपल्या तक्त्यात सगळ्या विद्यार्थ्यांपैकी ७५ टक्के पास आहेत, मुलग्यांपैकी ७२. फरक लहान आहे, म्हणूनच तो कोणाच्या लक्षात येत नाही.)

पहिली पायरी: प्रश्न ‘पैकी’ घालून पुन्हा लिहा

टक्केवारी म्हणजे अंश भागिले छेद, गुणिले शंभर. इथे अंशात गोंधळ जवळजवळ नसतोच. ‘मुली’ आणि ‘पास’ हे दोन्ही शब्द प्रश्नात असतील तर अंश ठरलेला आहे: दोन्ही अटी जिथे भेटतात ते घर, म्हणजे ६०. वरच्या तिन्ही वाचकांचा अंश हाच होता. त्यांचं भांडण छेदावरून होतं.

आणि छेद शोधायला मराठीने एक छान शब्द दिला आहे: पैकी. ‘पैकी’च्या आधी जे येतं ते छेदात जातं. एवढं एकच सूत्र लक्षात ठेवायचं.

‘मुलींपैकी किती टक्के पास?’ इथे ‘पैकी’च्या आधी मुली आहेत. छेद ७५. उत्तर ६० ÷ ७५, म्हणजे ८० टक्के.

‘पास झालेल्यांपैकी किती टक्के मुली?’ इथे आधी पास झालेले आहेत. छेद १५०. उत्तर ६० ÷ १५०, म्हणजे ४० टक्के.

‘सगळ्या विद्यार्थ्यांपैकी किती टक्के पास झालेल्या मुली?’ छेद २००. उत्तर ३० टक्के.

पहिल्या दोन टक्केवाऱ्यांना सशर्त टक्केवारी म्हणतात, कारण तिथे आधी एक अट घालून गर्दी लहान केलेली असते: फक्त मुली बघा, किंवा फक्त पास झालेले बघा. तिसरीत अशी अट नाही, तिथे सगळा वर्ग समोर आहे.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे वळू. ‘पास झालेल्या मुलींची टक्केवारी’ यात ‘पैकी’ नाहीच. म्हणून वाचणाऱ्याने आपापल्या मनातला छेद तिथे भरला. तक्ता पाहिल्यावर कळतं की ४० हा आकडा दुसऱ्या वाचकाच्या अर्थाने बरोबर आहे. पण तक्ता नसता तर हे कळायला मार्ग नव्हता.

अशी आणखी काही वळणं ओळखून ठेवावीत. ‘उत्तीर्णांतील मुलींचे प्रमाण’ याचा छेद उत्तीर्ण. इथला ‘तील’ हा ‘पैकी’चंच काम करतो. ‘मुलींचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण’ याचा छेद मुली. दोन्हींत ‘उत्तीर्ण’, ‘मुलींचे’ आणि ‘प्रमाण’ हे शब्द आहेतच, भरभर वाचणाऱ्याला ती एकसारखी वाटतात, आणि एकाचं उत्तर ४० तर दुसऱ्याचं ८०. ‘उत्तीर्ण मुलींचे प्रमाण’ मात्र खरोखरच संदिग्ध आहे. असं वाक्य दुसऱ्याचं असेल तर तक्ता मागा, आपलं असेल तर बदला.

दुसरी पायरी: उरलेलं झाका

नवख्या माणसाला मी सांगतो की कागदाचा तुकडा घ्या आणि तक्त्याचा नको तो भाग चक्क झाकून टाका. प्रश्न पास झालेल्यांपैकी मुलींचा असेल, तर ‘पास’चा उभा रकाना तेवढा उघडा ठेवा. आता डोळ्यांसमोर तीनच आकडे आहेत: ६०, ९० आणि खाली १५०. नापास झालेले जणू या जगात नाहीतच. या उघड्या पट्टीत मुली किती? ६०. पट्टीची बेरीज किती? १५०. झालं उत्तर.

प्रश्न मुलींपैकी पासचा असेल तर उलट करा. मुलींची आडवी ओळ उघडी ठेवा, बाकी झाका. समोर ६०, १५ आणि कडेला ७५. मुलगे दिसतच नाहीत, त्यामुळे १५० हा आकडा चुकून छेदात घ्यायचा मोहच होत नाही.

हे पोरखेळासारखं वाटेल, पण सगळ्यात जास्त होणारी चूक याने थांबते. ती चूक अशी: माणूस ‘मुलींपैकी पास’ काढायला बसतो, ६० वर बोट ठेवतो, आणि नजर सवयीने तळाशी किंवा थेट कोपऱ्यातल्या २०० कडे जाते, कारण कोपऱ्यातली बेरीज सगळ्यात ‘एकूण’ वाटते. झाकलेल्या तक्त्यात तो कोपरा दिसतच नाही.

तिसरी पायरी: उत्तर पूर्ण वाक्यात परत लिहा

‘४०%’ असं सुटं उत्तर लिहून थांबू नये. ‘पास झालेल्या १५० जणांपैकी ६० मुली आहेत, म्हणजे ४० टक्के’ असं लिहावं. नुसता आकडा किती मुका असतो हे याच तक्त्यात दिसतं. सगळ्या विद्यार्थ्यांपैकी पास झालेल्या मुली ३० टक्के, हे आपण वर काढलं. आता नापास झालेल्यांपैकी मुली किती ते काढा: १५ ÷ ५०, म्हणजे तेही ३० टक्के. एका ठिकाणी यश, दुसऱ्या ठिकाणी अपयश, एकात छेद २०० आणि दुसऱ्यात ५०, पण टक्केवारी अगदी तीच. आकडे बनवताना हे मुद्दाम केलं नव्हतं, पण झालं ते बरंच झालं.

वाक्यात छेदाची संख्या दिल्याचा आणखी एक फायदा आहे. छेद लहान असला तर वाचणारा आपोआप सावध होतो. नापासांचा गट ५० जणांचा आहे. त्यातला एक जण इकडचा तिकडे झाला की टक्केवारी सुमारे २ अंकांनी हलते. गट पाच जणांचा असता तर एकाच माणसाने २० टक्क्यांचा फरक पडला असता, आणि तिथे टक्के काढण्यापेक्षा ‘पाचपैकी दोन’ म्हणणंच प्रामाणिक ठरलं असतं.

छापलेल्या तक्त्यात फक्त टक्के असतील तर

बऱ्याचदा मूळ संख्या दिलेल्याच नसतात. नुसते टक्के भरलेला तक्ता येतो, आणि छेद कोणता ते कुठे लिहिलेलं नसतं. तेव्हा १०० कुठे होतात ते शोधा.

समजा मुलींच्या ओळीत ८० आणि २० आहेत, मुलग्यांच्या ओळीत ७२ आणि २८. आडवी बेरीज केली की दोन्हीकडे १०० येतात. म्हणजे प्रत्येक ओळ हा स्वतंत्र छेद आहे, आणि ८० चा अर्थ ‘मुलींपैकी पास’. उभी बेरीज करून पाहिलीत तर पासच्या रकान्यात १५२ येतील. १५२ टक्के ही कुठल्याच गोष्टीची टक्केवारी नाही, तेव्हा त्या दिशेने हा तक्ता वाचायचा नाही.

आता दुसरा तक्ता: पासच्या रकान्यात मुली ४० आणि मुलगे ६०, नापासच्या रकान्यात मुली ३० आणि मुलगे ७०. इथे उभ्या बेरजा १०० आहेत. तेव्हा ४० म्हणजे ‘पास झालेल्यांपैकी मुली’. आणि चारही घरं मिळूनच १०० होत असतील, म्हणजे आपल्या उदाहरणात ३०, ७.५, ४५ आणि १७.५, तर छेद सगळा वर्ग आहे.

पूर्णांकात आणलेले टक्के असतील तर बेरीज ९९ किंवा १०१ येऊ शकते, त्याने बिचकू नका. बेरीज ९४ आली तर मात्र एखादा गट छापलेला नाही असं समजा आणि तो कोणता ते शोधा.

तुलना कशाशी करायची

इथे मी जरा थांबणार आहे, कारण छेद बरोबर काढणारी माणसंही इथे घसरतात.

पास झालेल्यांपैकी ४० टक्के मुली आणि ६० टक्के मुलगे. यावरून कोणी म्हणालं की ‘मुलगे जास्त चांगले पास झाले’, तर? आकडे खरे आहेत, निष्कर्ष खोटा आहे. मुलगे मुळातच १२५ होते आणि मुली ७५. जास्त जण परीक्षेला बसले म्हणून जास्त जण पास झालेल्यांत दिसतात. कोणाचा निकाल सरस, हे बघायचं तर प्रत्येक गटाला त्याच्याच मापाने मोजायला हवं: मुलींपैकी ८० टक्के पास, मुलग्यांपैकी ७२ टक्के पास. निकाल मुलींचा सरस आहे.

म्हणजे ४० हा आकडा तुलनेला निरुपयोगी आहे का? नाही. फक्त त्याला ६० शेजारी उभं करू नका. मुलींचा सगळ्या वर्गातला वाटा किती होता ते पाहा: ७५ ÷ २००, म्हणजे ३७.५ टक्के. वर्गात ३७.५ आणि पास झालेल्यांत ४०. मुलींचा वाटा पास झालेल्यांत वाढला आहे, आणि नापासांत ३० पर्यंत घसरला आहे. म्हणजे त्या सरासरीपेक्षा जास्त पास झाल्या.

दोन्ही वाटा एकाच गावाला जातात, हे गणितानेही दिसतं. मुलींचा निकाल ८०, सगळ्या वर्गाचा ७५. ८० भागिले ७५ म्हणजे सुमारे १.०७. मुलींचा पास झालेल्यांतला वाटा ४०, वर्गातला ३७.५, ४० भागिले ३७.५ म्हणजेही १.०७. हे गुणोत्तर दोन्हीकडून नेहमी सारखंच येतं, कुठलाही तक्ता घ्या. तुमच्या दोन उत्तरांत ते वेगळं आलं तर कुठेतरी भागाकार चुकला आहे. मी स्वतः पडताळ्यासाठी हीच युक्ती वापरतो.

सगळ्या वर्गाचा निकाल काढताना ८० आणि ७२ ची साधी सरासरी घेऊन ७६ लिहिणारेही भेटतात. खरा निकाल १५० ÷ २००, म्हणजे ७५. मुलगे जास्त आहेत, त्यामुळे एकूण निकाल त्यांच्या ७२ कडे थोडा अधिक झुकतो.

एका टक्केवारीवरून दुसरी काढता येते का?

नुसती नाही. फक्त ‘मुलींपैकी ८० टक्के आणि मुलग्यांपैकी ७२ टक्के पास’ एवढंच माहीत असेल, तर पास झालेल्यांपैकी मुली किती हे सांगता येत नाही.

दुसरा एक वर्ग घ्या. मुली ७५, मुलगे २५ च. निकाल दोन्हींचा पहिल्यासारखाच: मुली ८० टक्के, मुलगे ७२ टक्के. पास झालेल्या मुली ६०, पास झालेले मुलगे १८, मिळून ७८. आता पास झालेल्यांपैकी मुली ६० ÷ ७८, जवळजवळ ७७ टक्के. कोणाच्याही निकालात तसूभर बदल नाही, पण ४० चे ७७ झाले, निव्वळ मुलगे कमी होते म्हणून.

तेव्हा दिशा बदलायची असेल तर टक्क्यांशी झटापट करू नये, माणसांच्या संख्येकडे परत जावं. गट किती मोठे आहेत ते मिळवा, टक्के त्यांच्यावर लावून घरं भरा, बेरजा करा, मग हवा तो रकाना उघडा ठेवा. ७५ चे ८० टक्के ६०, १२५ चे ७२ टक्के ९०, बेरीज १५०, आणि ६० ÷ १५० हे ४० टक्के. गटांची संख्या कुठेच मिळाली नाही, तर ‘या माहितीवरून काढता येत नाही’ हेच बरोबर उत्तर आहे, आणि ते लिहायला लाजू नये.

गैरहजर कुठे गेले?

छेदाचं आणखी एक दुखणं तक्त्याच्या बाहेर असतं. वरचे २०० जण परीक्षेला बसलेले की नाव नोंदवलेले? समजा ५ मुली आणि २५ मुलगे परीक्षेला आलेच नाहीत आणि तक्त्यात धरलेले नाहीत. नाव नोंदवलेल्यांवर निकाल काढला तर मुलींचा ६० ÷ ८०, म्हणजे ७५ टक्के, आणि मुलग्यांचा ९० ÷ १५०, म्हणजे ६० टक्के. आठ टक्क्यांचं अंतर एकदम पंधरा झालं.

पण पास झालेल्यांपैकी मुली? तो आकडा ४० च राहतो, कारण गैरहजर माणूस पास झालेल्यांच्या रकान्यात येतच नाही. यावरून ताळा मिळतो: दोन अहवालांत ‘मुलींचा निकाल’ वेगळा आणि ‘पास झालेल्यांतला मुलींचा वाटा’ मात्र तोच दिसला, तर बहुधा एकाने हजर मोजलेत आणि दुसऱ्याने नोंदवलेले.

संगणकावर करायचं तर

स्प्रेडशीटमध्ये वरचा तक्ता `A1` पासून भरा, म्हणजे मुलींची ओळ दुसरी, मुलग्यांची तिसरी आणि एकूण चौथी येईल. पास `B` मध्ये, नापास `C` मध्ये, एकूण `D` मध्ये. मग बाजूच्या मोकळ्या घरांत ही सूत्रं:

```
=B2/$D2
=B2/B$4
=B2/$D$4
```

पहिल्याने मुलींपैकी पास मिळेल, दुसऱ्याने पास झालेल्यांपैकी मुली, तिसऱ्याने सगळ्यांपैकी. `$` चिन्ह म्हणजे छेदाला ठोकलेला खिळा. सूत्र खाली किंवा उजवीकडे ओढलं तरी तो भाग हलत नाही. खिळा विसरलात आणि `=B2/B4` खाली ओढलंत, तर पुढच्या घरात `=B3/B5` होतं, पाचवी ओळ रिकामी असते आणि `#DIV/0!` दिसतं. ही चूक निदान ओरडून सांगते. खाली दुसरा तक्ता असेल तर तीच चूक गुपचूप एखादा खरा वाटणारा आकडा देते.

एक्सेलच्या पिव्हट टेबलमध्ये हेच `Show Values As` खाली मिळतं: `% of Row Total`, `% of Column Total` आणि `% of Grand Total`. कोणतं निवडायचं हे तुमच्या ‘पैकी’वर ठरतं. मुली-मुलगे ओळींत असतील तर मुलींपैकी पास हे `% of Row Total`. कोणी ओळी आणि रकाने यांची अदलाबदल केली की तेच `% of Column Total` होतं, तेव्हा नाव पाठ करण्यात अर्थ नाही. १०० कुठे झालेत ते पाहा.

खऱ्या आकड्यांवर एकदा

बनवलेल्या आकड्यांवर हात बसला की खरा तक्ता घ्यावा. सांख्यिकी शिकवताना टायटॅनिक जहाजाचा तक्ता फार वापरतात. एप्रिल १९१२ मध्ये ते बुडालं तेव्हाचे हे आकडे आहेत. वेगवेगळ्या यादींत दोन-चार माणसांचा फरक सापडतो. इथे घेतलेले आकडे ‘आर’ या संगणकभाषेसोबत `Titanic` नावाने येतात ते.

| | वाचले | मृत | एकूण |
|---|---|---|---|
| स्त्रिया | ३४४ | १२६ | ४७० |
| पुरुष | ३६७ | १३६४ | १७३१ |
| एकूण | ७११ | १४९० | २२०१ |

लहान मुलं-मुलीही याच दोन ओळींत आहेत. बेरजा तपासून घ्या, जुळतात.

आता ‘वाचलेल्यांपैकी स्त्रिया किती?’ पहिला रकाना उघडा ठेवा: ३४४ ÷ ७११, म्हणजे ४८.४ टक्के. निम्म्याहून कमी. वाचलेल्यांत पुरुष जास्त आहेत! बचावनौकांत स्त्रिया आणि मुलांना आधी घ्या, असा हुकूम होता हे ज्याने ऐकलंय तो इथे चक्रावतो.

मग ‘पैकी’ फिरवा. स्त्रियांपैकी वाचल्या ३४४ ÷ ४७०, म्हणजे ७३.२ टक्के. पुरुषांपैकी वाचले ३६७ ÷ १७३१, म्हणजे २१.२ टक्के. कोड्याचं उत्तर उजवीकडच्या बेरजेत होतं: जहाजावर पुरुष जवळजवळ पावणेचारपट होते. स्त्रियांचा जहाजावरचा वाटा २१.४ टक्के, वाचलेल्यांतला ४८.४, म्हणजे सुमारे सव्वादोन पट. दुसऱ्या वाटेने ७३.२ भागिले सगळ्यांचं वाचण्याचं प्रमाण ३२.३, तेही सव्वादोन पटच. ताळा जमला.

पुरुष एवढे का होते? ८८५ जण खलाशी आणि इतर कर्मचारी होते, आणि त्यांत स्त्रिया फक्त २३. त्यांना वगळून नुसते प्रवासी घेतले तर तक्ता असा होतो: ४४७ स्त्रियांपैकी ३२४ वाचल्या, आणि प्रवाशांतले एकूण ४९९ जण वाचले. स्त्रियांपैकी वाचल्या ३२४ ÷ ४४७, म्हणजे ७२.५ टक्के. आधी ७३.२ होते, फारसं काही हललं नाही. वाचलेल्यांपैकी स्त्रिया मात्र ३२४ ÷ ४९९, म्हणजे ६४.९ टक्के. ४८ चे ६५ झाले.

तेव्हा ‘टायटॅनिकमधून वाचलेल्यांत स्त्रिया जास्त होत्या’ आणि ‘पुरुष जास्त होते’ ही दोन्ही वाक्यं कोणी आत्मविश्वासाने म्हणत असेल, तर त्यांना एवढंच विचारा: वाचलेल्या प्रवाशांपैकी, की जहाजावरच्या सगळ्या वाचलेल्यांपैकी?